पदर आणि पाणीपट्टी

२००३ च्या उन्हाळ्यात माझी बदली माण तालुक्यातल्या एका गावात झाली. ग्रामसेवकाच्या नोकरीत बदली ही नवी गोष्ट नव्हती, पण ते साल वाईट होतं. पावसानं सलग दडी मारलेली. जनावरं छावणीला, माणसं टँकरच्या वाटेवर डोळे लावून बसलेली. गावात मतदार नऊशेच्या आसपास आणि नळाची जोडणी असलेली घरं दोनशे दहा. जुनी योजना नावापुरती उरली होती. नळाला तोट्या होत्या, तोट्यांना पाणी नव्हतं.

सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. सोडतीत चिठ्ठी निघाली तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांची तोंडं उतरली होती, असं मी आल्यावर ऐकलं. निवडून आलेल्या बाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. वय चाळिशीचं, शिक्षण सातवीपर्यंत, घरची आठ एकर जमीन, त्यातली दोन एकर विहिरीवर भिजणारी. नवरा शांत माणूस. बायकोच्या खुर्चीवर बसायची हौस त्याला नव्हती. तो आपला शेतात असायचा आणि आक्का ऑफिसात. आमच्या भागात ही गोष्टच मुळात नवलाची होती.

आक्कांच्या आधीच्या सरपंचांनी दहा वर्षं कारभार केला. त्यांना मी पाहिलंय. धोतर मातकट, सदऱ्याच्या खिशावर पानाचा लाल डाग, पोट असं की टेबलाजवळ खुर्ची ओढायला अडचण व्हायची. डोक्यावर केस कधीचे गेलेले. पण त्यांच्या धोतराबद्दल, पोटाबद्दल, टकलाबद्दल एक शब्द मी गावात ऐकला नाही. पोटाला लोक ‘वजन’ म्हणायचे, तेही मानानं. "अण्णांचं तालुक्यात वजन हाय," असं म्हणताना कुणी हसायचं नाही.

आक्कांच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून वेगळंच.

त्या नऊवारी नेसायच्या. साधं इचलकरंजीचं लुगडं, डोक्यावर पदर. पंचायत समितीच्या मीटिंगला त्या तशाच गेल्या, तेव्हा तिथल्या व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, "आली बघा लुगडेवाली सरपंच." त्यांच्या कानावर गेलंच. पुढच्या मीटिंगला त्या सहावारी नेसून निघाल्या. स्टँडवर उभ्या राहिल्या तर पारावरनं आवाज, "आक्का लय सुधारल्या की! गोल साडी झाली, आता ड्रेस कवा?" घरात सासूबाई म्हातारी होती, तिनं दोन दिवस अबोला धरला. म्हणजे लुगडं नेसलं तर तालुका हसणार आणि साडी नेसली तर गाव. मधला रस्ता कुठला? तिसऱ्या मीटिंगला त्या काय नेसल्या ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या मीटिंगला त्यांनी स्वजलधारेची फाईल पुढं सरकवली होती आणि त्याबद्दल गावात चार दिवस कुणी एक अक्षर काढलं नाही.

स्वजलधारा ही केंद्राची योजना तेव्हा नवीन होती. तिचा नियम साधा. खर्चाचा दहावा हिस्सा गावानं आधी रोख भरायचा, बाकीचे पैसे सरकार देणार. पण योजना उभी राहिली की ती चालवायचा सगळा खर्च गावाच्या अंगावर. वीजबिल, दुरुस्ती, माणसाचा पगार, सगळं. आमच्या गावाचं अंदाजपत्रक चौदा लाखांचं झालं, म्हणजे गावाचा वाटा एक लाख चाळीस हजार. दुष्काळात एवढी रक्कम उभी करणं सोपं नव्हतं. आक्का संध्याकाळी घरोघर हिंडल्या. कुणी दोनशे दिले, कुणी हजार. काहींनी सुगीवर देतो म्हणून सांगितलं. बँकेत समितीच्या खात्यावर पैसे भरायला सात महिने लागले.

त्या सात महिन्यांत आक्का वाळल्या. मग विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणात होत्या. उठल्या तेव्हा केस झडायला लागले होते. कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येतात म्हणून त्यांच्या बहिणीनं उरलेले केस खांद्यापाशी कापून टाकले. डोक्यावर पदर असल्यानं कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण एका ग्रामसभेत वारं सुटलं, पदर घसरला आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं, "आक्कानं बॉबकट केलाय." आजाराचं सगळ्यांना माहीत होतं. त्यातले चारजण तर दवाखान्यात भेटूनही आले होते. तरी चर्चा बॉबकटाची.

पुढं वर्षभरानं तब्येत सुधारली, अंग भरलं. काम सुरू झालं होतं त्याच सुमाराला. मग हॉटेलात नवीन विषय निघाला. "योजनेचं पाणी नळाला याच्या आधी आक्काच्या अंगाला लागलं," असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मला हे बोलणं इतर बोलण्यापेक्षा जास्त लागलं. कारण ते नुसतं वजनावर नव्हतं. वजनातून त्यानं भ्रष्टाचाराचा हिशोब काढला होता. खरा हिशोब ऑफिसात होता. रोकडवही, पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, मोजमापवही. कुणीही यावं आणि बघावं. बोलणाऱ्यानं एकदा तरी वही मागितली असती तर मी चहा पाजून दाखवली असती. पण वही वाचायला बसावं लागतं, बेरीज करावी लागते. बाईचा दंड बघायला काही लागत नाही.

आता पायपाची गोष्ट सांगतो, कारण सगळ्यांत महत्त्वाची तीच.

विहीर ओढ्याकाठी आणि टाकी वरच्या टेकाडावर. दोन्हींत उंचीचा फरक पंचेचाळीस मीटर. पाणी वर चढवायचं म्हणजे पाइपात तेवढा दाब बसतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, हा हिशोब शेतकऱ्यालाही पाठ असतो. म्हणजे इथं साडेचार किलो झाला. शिवाय मोटार बंद होते तेव्हा वर चढलेलं पाणी मागं येतं आणि धक्का देतं, तो वेगळा. म्हणून अंदाजपत्रकात चढत्या लाइनीला सहा किलोचा पीव्हीसी पाइप धरला होता. चार किलोचा पाइप दिसायला तसाच, व्यासही तोच, फक्त भिंत पातळ आणि किंमत कमी. तो या चढाला टिकणार नाही. पण एकदा मातीखाली गेला की कुणाच्या बापाला कळत नाही. कळतं ते पहिल्या उन्हाळ्यात, लाइन फुटल्यावर.

ठेकेदाराचा ट्रॅक्टर पाइप टाकून गेला. चारी खणलेली होती, काही पाइप जोडून चारीत सोडलेही होते. त्या दिवशी मी तालुक्याला होतो. आक्का दुपारची भाकरी घेऊन कामावर गेल्या आणि काठावर उभ्या राहून बघायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या विहिरीवर पीव्हीसीची लाइन होती. पाइपाच्या अंगावर काय छापलेलं असतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पदर कमरेला खोचला, चारीत उतरल्या आणि एकेक पाइप फिरवून अक्षरं वाचली. बऱ्याच पाइपांवर सहा होतं. मधल्या काहींवर चार होतं. पुढच्या टोकाला चांगले पाइप, मागच्या टोकाला चांगले आणि पोटात हलका माल. मोजले तर चाळीस भरले. सहा मीटरचा एक पाइप, म्हणजे दोनशे चाळीस मीटर लाइन.

काम त्यांनी तिथंच थांबवलं. संध्याकाळी मी परतलो तर त्या ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या, लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल.

"भाऊसाहेब, उद्या मासिक सभा लावा. विषय एकच. पाइप परत."

"नोटिशीची मुदत बघावी लागंल, आक्का."

"मग मुदतीत बसंल तशी लावा. पर तवर माती लोटू द्यायची न्हाई."

सभा झाली. ठराव लिहिला. अंदाजपत्रकाप्रमाणे सहा किलो दाबाचे पाइप न पुरवल्यानं चाळीस पाइप परत करावेत, बदलून मिळेपर्यंत बिल देऊ नये. सूचक एक बाई मेंबर, अनुमोदक एक म्हातारे मेंबर. ठेकेदारानं आधी चुकून आले म्हणून सांगितलं, मग थोडा आवाज चढवला, मग निमूट बदलून दिले. लाइनीची चाचणी घेतली तेव्हा कुठं पाझरली नाही.

आता गावात काय चर्चा झाली? मी हॉटेलात चहाला बसलो होतो. "बाईमाणूस, अन् पदर खोचून गड्यांच्या म्होरं चारीत उतरली." "पोटऱ्या उघड्या व्हत्या म्हणं." "सरपंचकी आली म्हणून काय लाज सोडायची?" चाळीस पाइपांचा विषय एकानंही काढला नाही. ठेकेदाराचं नाव कुणी घेतलं नाही. मी म्हणालो, "अहो, ते पाइप गेले असते तर लाइन फुटली असती." एकजण म्हणाला, "ते खरं हाय हो भाऊसाहेब, पर रीत म्हणून काय हाय का न्हाई?" तिथं बसलेल्या निम्म्या लोकांनी त्याच गावात गुडघ्यावर धोतर घेऊन चाऱ्या खणल्या होत्या. त्याला त्यांनी मेहनत म्हटलं होतं.

मला वाटतं, नुकसान इथं होतं. बाईला वाईट वाटतं हे तर आहेच. पण खरा तोटा गावाचा. लबाडी कुठं झाली, कुणी केली, पुढच्या कामावर डोळा कसा ठेवायचा, हे बोलायची जी वेळ होती ती पदरावर खर्च झाली. ठेकेदाराला आणखी काय पाहिजे?

पुढचा प्रसंग पाणीपट्टीचा. योजना सुरू झाली आणि महिन्याचा खर्च दिसायला लागला. वीजबिल साडेचार हजार, पाणी सोडणाऱ्या माणसाला बाराशे, टीसीएल पावडर आणि किरकोळ दुरुस्ती धरून तेराशे. झाले सात हजार. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. जुनी पट्टी वर्षाला एकशे ऐंशी रुपये, दोनशे दहा जोडण्या, म्हणजे सगळी वसूल झाली तरी सदतीस हजार आठशे. सेहेचाळीस हजारांचा खड्डा. वीज तोडली की योजना बंद, हे उघड होतं. आक्कांनी पट्टी चारशे करायचा विषय ग्रामसभेत ठेवला.

चारशेला विरोध करायला जागा होती. मी स्वतः असतो तर विचारलं असतं, मोटार आठ तास चालवण्याऐवजी सहा तास चालवून बिल कमी होईल का? विधवा बाया, भूमिहीन यांना सवलत द्यायची का? वसुली शंभर टक्के होत नाही, मग चारशेनं तरी भागेल का? हे खरे प्रश्न होते. त्यातला एकही आला नाही. आक्का उभ्या राहिल्या, त्या दिवशी हिरवी काठपदराची साडी होती. मागच्या रांगेतनं आवाज आला, "साडी नवी दिसतीया, पट्टी म्हणूनच वाढली काय?" हशा झाला. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. दोघी उठून गेल्या, त्यांच्यामागं आणखी काहीजणी. मग पुरुषही पांगले. शंभराची गणपूर्ती लागते, मी मोजले तर सत्तर उरले होते. सभा तहकूब.

ती साडी त्यांच्या भावानं दिवाळीला घेतली होती. मला माहीत होतं, पण ते मी सभेत सांगायचं? आणि सांगितलं तर मग पुढच्या वेळी प्रत्येक साडीची पावती जोडायची काय?

त्या रात्री आक्का घरी आल्या. माझी मंडळी आणि त्या बोलत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, विषयपत्रिकेवर नंबर असत्यात न्हवं?"

"असतात की."

"मग पुढच्या टायमाला जो कोण बोलंल त्यानं आधी नंबर सांगायचा. कितव्या विषयावर बोलताय, ते. नंबर न्हाई तर बोलणं न्हाई."

ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची असा नियम आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर होते, अंगठे घेतले की झालं. आक्कांनी ती खरोखर घेतली, देवळात, दुपारी दोनला, भाकऱ्या उरकल्यावर. शाळेतनं फळा आणला आणि मघाचे सगळे आकडे त्यावर खडूनं लिहिले. बायकांना हिशोब समजायला वेळ लागला नाही. टँकरमागं हंडा घेऊन त्याच पळाल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "चारशे म्हंजी दिसाला एक रुपाया अन् वर थोडं. एक रुपायात हंडा न्हाई, हांडगं येत न्हाई." सवलतीचा मुद्दा तिथंच निघाला आणि तिथंच मिटला. एकट्या राहणाऱ्या विधवांना निम्मी पट्टी.

तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तरी लोक बरेच आले, बायकाही. फळा चावडीपुढं मांडला होता. मागच्या रांगेतला तोच आवाज पुन्हा काहीतरी म्हणाला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "कितवा विषय?" तो गप्प. पुन्हा कुणीतरी काही बोललं. "कितवा विषय?" तिसऱ्या वेळी लोक त्याच्याकडं बघून हसले. मग एका माणसानं खरोखर हात वर करून सांगितलं, "विषय क्रमांक तीन. मोटारीचे तास कमी करता येतील का?" त्यावर अर्धा तास बोलणं झालं. पट्टी साडेतीनशेवर ठरली, मोटार दीड तास कमी. आक्कांना चारशे हवे होते, ते झाले नाहीत. पहिल्या वर्षी थोडी तूट आलीही. पण ती तूट हिशोबावर वाद होऊन आली होती, साडीवर नाही.

हे एवढ्याशा गावाचं म्हणून सोडून द्यावं म्हटलं तर पेपर उघडला की तेच. महिला आरक्षणाच्या विधेयकावर १९९७ साली लोकसभेत शरद यादवांनी ‘परकटी’ हा शब्द वापरला, म्हणजे केस कापलेल्या बायका. कायदा काय, कुणाला किती जागा, हे बाजूला राहिलं आणि केसांवर आलं. त्याच गृहस्थांनी २०१८ मध्ये राजस्थानच्या निवडणुकीत वसुंधराराजे आता फार जाड झाल्यात, त्यांना विश्रांती द्या, असं भाषणात सांगितलं. राजे तेव्हा पाच वर्षं मुख्यमंत्री होत्या. पाच वर्षांच्या कारभारात टीका करायला जागा नव्हती काय? भरपूर असेल. पण वजन सोपं. नंतर यादवांनी खेद व्यक्त केला. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतर पुढाऱ्यांविरुद्ध मेणबत्त्या घेऊन उतरलेल्या बायकांना मुख्तार अब्बास नक्वींनी लिपस्टिक-पावडरवरनं टोमणा मारला होता. त्या बायका काय विचारत होत्या? आमचं रक्षण का झालं नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, पुरुषांच्या कपड्यांवरही लोक बोलतात. बोलतात. आपले लातूरचे शिवराज पाटील गृहमंत्री असताना सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले, त्या संध्याकाळी त्यांनी कपडे बदलले म्हणून देशभर टीका झाली. पण नीट बघितलं तर ती टीका शिवणीवर किंवा रंगावर नव्हती. अशा वेळी गृहमंत्र्याचं लक्ष कुठं आहे, हा त्यातला सवाल होता. तो बरोबर की चूक, ते वेगळं. सवाल कामाचा होता. आक्कांच्या हिरव्या साडीतनं कामाचा कुठलाच सवाल निघत नव्हता. मी तेव्हापासनं हीच कसोटी लावतो. कपड्यावर बोललेलं वाक्य घ्यायचं आणि बघायचं, त्यातनं ठराव लिहिता येतो का. येत असेल तर ते बोलणं, नाहीतर ती टवाळी.

माझी त्या गावातनं २००७ ला बदली झाली. त्याच्या आसपास आक्कांची मुदत संपली. पद खुलं झालं, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. राहा म्हणून मी सुचवलं होतं. म्हणाल्या, "भाऊसाहेब, काम जमतंय. पर रोज सकाळी कपाट उघडून इचार करायचा, आज काय नेसलं तर कोण काय म्हणंल, ह्याचा कटाळा आला. तुमी सदरा घालताना करता का इचार?"

मी केला नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही.

२०११ पासून आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांना झाल्या. निवृत्तीआधी शेवटची काही वर्षं माझ्याकडं दोन गावांचा भार होता आणि दोन्हीकडं बाई सरपंच. एक पंजाबी ड्रेस घालायची, एक सहावारी नेसायची. टोमणे दोघींना सारखेच. पहिल्या ग्रामसभेआधी दोघींनाही मी विषयपत्रिका मोठ्या अक्षरांत काढून दिली आणि आक्कांचा ‘कितवा विषय?’ सांगितला. ड्रेसवालीनं तो पहिल्याच सभेत तीनदा वापरला. सहावारीवालीला सुरुवातीला धीर झाला नाही. ऑगस्टच्या सभेत रस्त्याच्या कामावर ती बोलत होती, मागनं कुणीतरी तिच्या अंबाड्यावर काहीतरी बोललं. ती थांबली, कागदाकडं बघितलं आणि म्हणाली, "दादा, विषय क्रमांक पाच चाललाय. खडीची जाडी. त्यावर बोला."

त्या माणसाला खडीची जाडी माहीत नव्हती. शेजारच्याला होती. तो उठला आणि बोलायला लागला.